पाच कर्जं, एक सरासरी: भारित व्याजदर काय दाखवतो आणि काय लपवतो

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा नवरा, खासगी शाळेत शिकवणारी बायको. दोघांचे मिळून महिन्याला ६२,००० रुपये हातात येतात. घराचं कर्ज आहे, आजारपणात घेतलेलं वैयक्तिक कर्ज आहे, दुचाकीचं आहे, सोनं तारण ठेवलेलं आहे आणि क्रेडिट कार्डाची बाकी आहे. कुटुंब नमुन्यादाखल घेतलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत इतपत गोल केले आहेत. पण पगार जमा झाल्यावर पाच ठिकाणी पैसे जाणारी घरं अशीच असतात.

प्रश्न उभा राहिला तो एका कर्ज एजंटच्या फोनमुळे. "साहेब, घराच्या कर्जावर टॉप-अप करून देतो. बाकीची सगळी कर्जं बंद, एकच हप्ता, आणि महिन्याला सरळ दहा हजार वाचतील." दर साडेनऊ टक्के, मुदत पंधरा वर्षं. नवऱ्याने वही काढली, पाचही कर्जांचे दर एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, पाचने भागलं. उत्तर आलं ९.६ टक्के. आपण सरासरी ९.६ भरतोय आणि हा साडेनऊ देतोय, म्हणजे फरक दशांश एक टक्क्याचा. पण मग हप्ता दहा हजारांनी कमी होतो कसा? ही शंका अगदी योग्य होती. तिचं उत्तर मात्र त्या वहीतून मिळणार नव्हतं, कारण वहीतला हिशेबच दोन ठिकाणी चुकला होता.

वहीतली चूक

वहीत दर लिहिले होते असे: घर ८.५, वैयक्तिक १४, दुचाकी १०, सोनं १२, कार्ड ३.५. बेरीज ४८, भागिले ५, म्हणजे ९.६.

पहिली चूक दरांच्या मापात आहे. कार्डाचा ३.५ हा महिन्याचा दर आहे, बाकीचे चार वर्षाचे. महिन्याचा साडेतीन म्हणजे वर्षाचा ४२ टक्के. शिवाय कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे महिन्याला ३.५ नव्हे, ४.१३ टक्के जातात, आणि वर्षाला ४९.५६. तोही व्याजावर चढणारं व्याज न धरता.

दुचाकीच्या १० टक्क्यांतही अशीच खोच आहे. शोरूममध्ये सांगितलेला तो 'फ्लॅट' दर होता. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट, म्हणजे ३०,००० व्याज. १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. ऐकायला सरळ वाटतं. आता हा हप्ता उघडून बघू. त्यात २,७७८ मुद्दल आणि ८३३ व्याज आहे, आणि हे दोन्ही आकडे तिन्ही वर्षं तेच राहतात. पहिल्या महिन्यात एक लाख देणं असताना ८३३ व्याज ठीक आहे. पण छत्तिसाव्या महिन्यात फक्त २,७७८ रुपये देणं उरलेलं असतं आणि त्यावरही व्याज ८३३ च. फ्लॅट दरात व्याज कायम पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर लागतं, फेडलेले पैसे त्याच्या खिजगणतीत नसतात. हेच कर्ज घटत्या शिलकीच्या भाषेत मांडलं, तर दर जवळपास १८ टक्के निघतो.

हे रूपांतर हाताने करणं किचकट आहे, पण मोबाईलवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं:

```
=RATE(36,-3611,100000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता (पैसे जातात म्हणून वजा चिन्ह), तिसरा हातात पडलेली रक्कम. उत्तर १७.९ टक्क्यांच्या आसपास येतं. प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतलं असेल, तर एक लाखाच्या जागी प्रत्यक्ष मिळालेली रक्कम टाकायची. दर आणखी वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे आणि त्यात एपीआर म्हणून सगळा खर्च धरलेला वार्षिक दर छापलेला असतो. तो कागद हाती असेल, तर त्यावरचाच दर घ्यावा. कार्डासाठी मात्र तो मिळत नाही, तिथे वरचा गुणाकार स्वतः करावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे पाचने भागणं. तसं केल्यावर अठरा लाखांच्या घरकर्जाला आणि साठ हजारांच्या कार्डाला सारखंच वजन मिळतं. दर दुरुस्त करून साधी सरासरी काढली, तर ती २०.४ टक्के येते, आणि तेही खरं नाही. म्हणजे एका चुकीने आकडा खाली ओढला गेला होता, दुसरीने वर, आणि दोन्ही एकमेकींत मुरून उत्तर विश्वास बसावा असं ९.६ आलं. असं उत्तर अधिक धोक्याचं, कारण ते खटकत नाही.

बरोबर मांडणी

भारित सरासरीत प्रत्येक दराला त्या कर्जाच्या रकमेचं वजन द्यायचं. वजन म्हणून आजची शिल्लक मुद्दल घ्यायची. मंजूर झालेली मूळ रक्कम नाही आणि हप्ताही नाही. पुष्कळ लोक मंजुरीपत्रावरचा आकडा घेतात. पण घराचं कर्ज मूळ बावीस लाखांचं असलं, तरी आज व्याज चढतं ते उरलेल्या अठरा लाखांवर. शिल्लक मुद्दल बँकेच्या ॲपवर किंवा कर्जखात्याच्या उताऱ्यावर दिसते. तिथे 'एकूण देय' असा दुसरा आकडाही असू शकतो, त्यात पुढचं सगळं व्याज मिसळलेलं असतं. तो घ्यायचा नाही.

फ्लॅट कर्जाच्या शिलकीतही गफलत होते. दुचाकीचे १२ हप्ते गेले, २४ उरले, म्हणून एक लाखाचे दोन तृतीयांश, ६६,६६७ उरले असं वाटतं. पण दर १८ धरला, तर शिल्लकही त्याच हिशेबाने धरायला हवी. उरलेल्या २४ हप्त्यांची आजची किंमत सुमारे ७२,००० होते. कर्ज आज बंद करायला गेलं, तर वित्त कंपनी साधारण एवढेच मागते, आणि ते ऐकून लोक बुचकळ्यात पडतात.

| कर्ज | शिल्लक (रु.) | खरा वार्षिक दर | वर्षाचं व्याज (रु.) |
|---|---|---|---|
| घर, १८० महिने बाकी | १८,००,००० | ८.५% | १,५३,००० |
| वैयक्तिक, ३६ महिने बाकी | ३,००,००० | १४% | ४२,००० |
| दुचाकी, २४ महिने बाकी | ७२,००० | १८% | १२,९६० |
| सोनेतारण | १,५०,००० | १२% | १८,००० |
| क्रेडिट कार्ड | ६०,००० | ४९.५६% | २९,७३६ |
| एकूण | २३,८२,००० | | २,५५,६९६ |

शेवटच्या रकान्यात फक्त शिल्लक गुणिले दर आहे. आजच्या शिलकीवर आजच्या दराने वर्षभर व्याज चढलं तर किती, असा त्याचा अर्थ. वर्षभरात मुद्दल फिटत जाईल तसं प्रत्यक्ष व्याज थोडं कमी भरेल, पण तुलनेसाठी हा आकडा पुरतो. आता २,५५,६९६ भागिले २३,८२,०००. भारित सरासरी दर १०.७३ टक्के.

स्प्रेडशीटमध्ये शिल्लक B रकान्यात आणि दर C रकान्यात असेल, तर सगळं एका सूत्रात येतं:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(B2:B6)
```

यात आयकर धरलेला नाही. जुन्या कर पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते आणि घरकर्जाचा खरा दर त्यामुळे खाली येतो. हे जोडपं नव्या पद्धतीत आहे, तिथे अशा घरासाठी ती वजावट नाही. म्हणून ८.५ चा ८.५ च ठेवला.

१०.७३ च्या आत काय आहे

एकट्या १०.७३ कडे बघून फारसं हाती लागत नाही. घरकर्ज एवढं मोठं आहे की ते सरासरीला आपल्याकडे ओढून ठेवतं, आणि बाकीच्या कर्जांची धग त्याखाली झाकली जाते. घरकर्ज बाजूला काढून उरलेल्या चारांचा तोच हिशेब केला, तर ५,८२,००० वर १,०२,६९६ व्याज, म्हणजे १७.६५ टक्के. ज्यांना घरकर्ज आहे त्यांनी हे दोन्ही आकडे काढावेत. एकच काढायचा असेल, तर घरकर्ज वगळून येणारा काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याहून बोलका आहे वाटा. कार्डाची बाकी एकूण कर्जाच्या अडीच टक्के आहे, पण वर्षाच्या व्याजात तिचा वाटा साडेअकरा टक्क्यांहून जास्त. उलट घरकर्ज एकूण मुद्दलाच्या पाऊण भागाहून थोडं मोठं आणि व्याजात साठ टक्के. प्रत्येक कर्जाचे हे दोन वाटे शेजारी शेजारी मांडले, की हात कुठे घालायचा ते दिसतं.

कार्डावर हे जोडपं दर महिन्याला 'किमान देय रक्कम' भरत होतं. त्यांच्या कार्डावर ती बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. महिन्याचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,४७८. म्हणजे तीन हजारांतून मुद्दलाला लागतात ५२२ रुपये. भरीला त्याच कार्डावर किराणा आणि पेट्रोल चालू होतं. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली, की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. बाकी साठ हजारांवरून हलत का नाही, याचं उत्तर एवढंच होतं.

सरासरी कमी झाली म्हणजे ओझं कमी झालं का?

इथेच हा आकडा फसवतो. समजा या जोडप्याने आज पाच लाखांची मोटार ९ टक्क्यांनी घेतली. वर्षाच्या व्याजात ४५,००० ची भर पडली, एकूण व्याज तीन लाखांवर गेलं. पण भारित सरासरी १०.७३ वरून १०.४३ वर उतरली! नवं कर्ज जुन्या सरासरीपेक्षा स्वस्त असलं, की सरासरी खाली येणारच, मग ओझं कितीही वाढो. याउलट साठ हजारांचा बोनस घरकर्जात भरला, तर कर्ज आणि व्याज दोन्ही कमी होऊनही सरासरी १०.७९ वर चढते, कारण स्वस्त कर्जाचं वजन घटलं. म्हणून सरासरी दर एकटा कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी वर्षाचं व्याज रुपयांत हवं, आणि कर्ज किती वर्षं चालणार तेही हवं.

ही शेवटची गोष्ट एजंटच्या प्रस्तावात सगळ्यात महत्त्वाची ठरली. घरकर्ज सोडून बाकी ५,८२,००० टॉप-अपमध्ये गेले, दर ९.५ टक्के. नवी भारित सरासरी येते ८.७४ टक्के. वर्षाचं व्याज २,५५,६९६ वरून २,०८,२९० वर. टॉप-अपचा हप्ता १८० महिन्यांसाठी ६,०७७. आत्ता वैयक्तिक कर्जाला १०,२५३, दुचाकीला ३,६११ आणि कार्डाला ३,००० असे १६,८६४ जातात. म्हणजे महिन्याला १०,७८७ सुटतात. एजंट खोटं बोलत नव्हता. सरासरी दोन टक्क्यांनी उतरली, हप्ता दहा हजारांनी उतरला, वर्षाचं व्याजही उतरलं.

आता ६,०७७ ला १८० ने गुणा. १०,९३,८६०. त्यातून मुद्दल वजा केली, की ५,११,८६० रुपये व्याज. जेवढं कर्ज, जवळजवळ तेवढंच व्याज. दोन वर्षांत फिटणाऱ्या दुचाकीचे पैसे पंधरा वर्षं फेडायचे. ती गाडी तोवर भंगारात गेलेली असेल.

आणि तेच टॉप-अप, त्याच ९.५ टक्क्यांनी घेऊन महिन्याची रक्कम कमी केली नाही तर? सध्याचे १६,८६४ आणि सोन्याच्या व्याजासाठी बाजूला ठेवायचे १,५०० मिळून १८,३६४ होतात. तेवढेच दरमहा टॉप-अपला भरत राहिलं, तर ते ३७ महिन्यांत संपतं आणि व्याज जातं सुमारे ९१,०००. दर तोच, पहिल्या दिवशीची भारित सरासरी तीच ८.७४. एकीकडे पाच लाख बारा हजार व्याज, दुसरीकडे एक्क्याण्णव हजार. भारित सरासरी नळाची धार किती जोरात आहे ते सांगते. नळ किती वेळ उघडा राहणार हे तिच्यात कुठेच नसतं.

जे केलं ते, आणि का

टॉप-अप घेऊन पूर्ण रक्कम भरत राहणं कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतं. पण त्याला वरखर्च आहे. वैयक्तिक कर्जाच्या करारात मुदतपूर्व बंद करण्याला शिल्लक मुद्दलाच्या ४ टक्के आणि त्यावर जीएसटी होता, म्हणजे १४,१६०. टॉप-अपचं प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी आणि मुद्रांक शुल्क वेगळं. नुसतं वैयक्तिक कर्ज १४ वरून ९.५ वर नेलं आणि मुदत तीच ३६ महिने ठेवली, तर व्याजात सुमारे २३,००० वाचतात. त्यातले १४,१६० बंद करतानाच जातात. उरले नऊ हजार, तेही टॉप-अपचा खर्च धरण्याआधी. दरातला फरक साडेचार टक्क्यांचा असूनही हाती एवढंच लागतं, कारण कर्ज तीनच वर्षांचं उरलं आहे आणि शिल्लक दर महिन्याला घटते आहे.

दुसरी बाजू तारणाची. वैयक्तिक कर्ज आणि कार्ड यांना काही तारण नाही. टॉप-अपमध्ये गेल्यावर ती देणी घरावर बसतात. हप्ते थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली घरापर्यंत पोचू शकते. साठ हजारांच्या कार्डासाठी घर पणाला लावू नये, असं बायकोचं म्हणणं होतं आणि ते हिशेबालाही धरून होतं. शिवाय पंधरा वर्षांचा हप्ता ६,०७७ असताना स्वतःहून १८,३६४ भरत राहायचे, ही शिस्त तीन वर्षं पाळावी लागते. मुलांची फी, लग्नकार्य, दवाखाना, एखादा महिना तरी ती मोडणारच. मुदतच ४८ महिन्यांची घेता आली असती, तर हप्ता १४,६२२ चा झाला असता आणि शिस्त करारातच बांधली गेली असती. टॉप-अप घ्यायचंच असेल, तर आम्ही तसंच सुचवू.

त्यांना मधली वाट मिळाली ती वाट्यांच्या हिशेबातून. तारण ठेवलेल्या सोन्यावर आणखी साठ हजार मिळण्याइतकी जागा होती. पतसंस्थेने त्याच १२ टक्क्यांनी रक्कम वाढवून दिली. त्यातून कार्डाची बाकी एकरकमी फेडली. एवढ्या एका बदलाने वर्षाचं व्याज २२,५३६ रुपयांनी उतरलं आणि भारित सरासरी १०.७३ वरून ९.७९ वर आली. एकूण कर्जाचा अडीच टक्के भाग हलवला आणि सरासरी जवळपास एक टक्क्याने खाली आली. घरकर्जातून तेवढीच बचत करायची, तर बँकेकडून सव्वा टक्का दर कमी करून घ्यावा लागला असता.

कार्ड फेडताना एक बारकावा सांभाळावा लागतो. बिलावरची रक्कम भरली, तरी बिलाच्या तारखेपासून भरल्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते बघून लोकांना वाटतं की बाकी राहिलीच आणि मग ते पुन्हा किमान रकमेवर येतात. भरण्याच्या दिवशी ग्राहक सेवेकडून त्या तारखेपर्यंतची पूर्ण रक्कम विचारून घ्यायची, पुढच्या बिलात थोडं व्याज आलंच तर तेही पूर्ण भरायचं आणि तोवर कार्डावर खरेदी करायची नाही.

महिन्याची एकूण रक्कम त्यांनी १८,३६४ च ठेवली. वैयक्तिक आणि दुचाकीचे हप्ते जाऊन ४,५०० उरतात, ते दरमहा सोन्याच्या खात्यात. पतसंस्था अधूनमधून रक्कम भरून घेते का, हे आधीच विचारलं होतं, कारण काही ठिकाणी वर्षअखेरीस एकदमच रक्कम घेतात आणि मग महिन्याला भरण्याचा फायदा उरत नाही. चोविसाव्या महिन्यात दुचाकी फिटली, की तिचे ३,६११ सोन्याकडे वळतात. छत्तिसाव्यात वैयक्तिक फिटलं, की तेही. चाळिसाव्या महिन्यात घरकर्ज सोडून सगळं संपतं. एकूण व्याज सुमारे १,४१,०००. टॉप-अपमध्ये तेवढीच रक्कम भरत राहण्यापेक्षा हे पन्नास हजारांनी जास्त आहे, पण बंद करण्याचे आणि टॉप-अपचे खर्च धरले, तर तफावत बरीच आटते, आणि घरावर नवा बोजा चढत नाही. एजंटच्या पंधरा वर्षांच्या वाटेपेक्षा मात्र हे पावणेचार लाखांनी कमी आहे. तेही पहिल्या दिवशीची भारित सरासरी त्याच्यापेक्षा एक टक्क्याने जास्त असूनही.

दरम्यान आणखी एक प्रस्ताव आला होता: घर सोडून चारही कर्जांसाठी १६ टक्क्यांचं एकच वैयक्तिक कर्ज. १७.६५ पेक्षा १६ कमी, म्हणून तो पहिल्या नजरेत फायद्याचा दिसला. पण १७.६५ हा आकडा एकट्या कार्डाने वर ओढलेला होता. कार्ड वगळलं, तर उरलेल्या तिघांची सरासरी १३.९८ भरते. म्हणजे १६ च्या कर्जात कार्ड आणि दुचाकी स्वस्त होणार आणि १४ चं वैयक्तिक, १२ चं सोनं महाग होणार. सगळं मिळून वर्षाला साडेनऊ हजार वाचले असते, आणि नुसतं कार्ड सोन्यावर नेऊन साडेबावीस हजार वाचले. एकत्रीकरणाच्या दराची तुलना सरासरीशी करू नये. जे जे कर्ज बंद होणार, त्या प्रत्येकाच्या दराशी वेगवेगळी करावी.

या हिशेबाप्रमाणे बारा महिन्यांनी घर सोडून उरलेलं कर्ज ५,८२,००० चं ४,३२,००० वर येतं, पाचाऐवजी चार कर्जांची भारित सरासरी ९.५० होते आणि वर्षाचं व्याज २,०६,००० च्या आसपास. घरकर्जाचा दर रेपोशी जोडलेला असल्याने तो मध्येच बदलू शकतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी चारही कर्जांचे रकाने नव्या शिलकीने भरायचे असं ठरलं. वहीच्या त्याच पानावर सोन्याच्या नूतनीकरणाची तारीख लाल शाईने लिहिली आहे. त्या दिवशी साचलेलं व्याज भरून दागिन्यांचं मूल्यांकन पुन्हा होतं. सोन्याचा भाव उतरलेला असेल, तर पतसंस्था फरकाची रक्कम मागते, म्हणून ४,५०० चा एकही महिना चुकवायचा नाही.